स्वागताची चार मिनिटे : कार्यशाळेच्या उद्घाटनात कोणाचे नाव आधी, भाषण किती लांब आणि पहिले वाक्य कोणते?

कार्यशाळेच्या पत्रिकेत 'स्वागत' या शब्दासमोर बहुतेकदा वेळ लिहिलेली नसते. अध्यक्षांना दहा मिनिटे, उद्घाटकांना दहा मिनिटे, तज्ज्ञांना एक तास असे ठरते. स्वागताचे मात्र 'दोन शब्द' धरलेले असतात आणि त्या दोन शब्दांची पंधरा मिनिटे होतात. ही मिनिटे जातात कुठून? उद्घाटनाच्या सत्रातून क्वचितच. ती जातात दुपारच्या प्रात्यक्षिकातून, म्हणजे लोक ज्यासाठी आलेले असतात त्या भागातून.

हे नेमके कसे घडते आणि टाळायचे कसे, हे एका उदाहरणातून पाहू. समजा, जिल्ह्यातील नगरपालिकांच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांसाठी जलवाहिन्यांची गळती शोधण्याची एकदिवसीय कार्यशाळा आहे. साठ जण येणार आहेत. उद्घाटन सकाळी १० ते १०.४५, तांत्रिक सत्र ११.४५ पर्यंत आणि १२ वाजता जवळच्या प्रभागात प्रात्यक्षिक. त्या प्रभागात पाणी ११.३० ते १.३० या वेळेत सुटते. यजमान नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याला स्वागताचे भाषण करायचे आहे.

चाळीस मिनिटे उशीर झाला तर काय बिघडते?

गळती ऐकून शोधतात. लिसनिंग रॉड वाहिनीवर किंवा व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावला, की भोकातून दाबाने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू येतो. वाहिनीत दाब नसेल तर आवाज नाही आणि आवाज नसेल तर प्रात्यक्षिकही नाही.

साठ जणांचे चार गट केले आणि प्रत्येक गटाला वीस मिनिटे दिली, तर ८० मिनिटे लागतात. म्हणजे १२ ते १.२० आणि हाताशी दहा मिनिटे उरतात. उद्घाटन चाळीस मिनिटे लांबले तर प्रात्यक्षिक १२.४० ला सुरू होईल. १.३० पर्यंत दोनच गटांचे पूर्ण होईल, तिसरा अर्ध्यावर उठेल आणि चौथ्याला काहीच मिळणार नाही. व्हॉल्व्हमन दीडला पाणी बंद करतो. सकाळी अध्यक्षीय भाषण लांबले होते याच्याशी त्याला देणेघेणे नसते, आणि असूही नये, कारण पुढच्या प्रभागातले लोक घागरी घेऊन उभे असतात.

म्हणून भाषण लिहायला बसण्याआधी एक गोष्ट शोधावी. दिवसभरातली कोणती वेळ हलवता येणार नाही? इथे ती १२ वाजताची आहे. दुसऱ्या एखाद्या कार्यशाळेत ती तज्ज्ञांची परतीची गाडी असेल किंवा प्रयोगशाळा मिळण्याची वेळ असेल. स्वागताची मिनिटे त्या वेळेपासून मागे मोजत ठरवायची.

स्वागत आणि प्रास्ताविक यांत फरक काय?

भाषण लांबण्याचे सर्वांत मोठे कारण पाल्हाळ नव्हे. एकच काम दोघे-तिघे करतात, हे ते कारण आहे. मराठी कार्यक्रमात स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार आणि आभार अशी पाच वेगळी कामे असतात. स्वागत करणारा पाहुण्यांचा परिचयही देतो, संस्थेचा इतिहास सांगतो आणि आयोजन समितीचे आभारही मानून टाकतो. मग सूत्रसंचालक तोच परिचय पुन्हा वाचतो, प्रास्ताविकात तोच इतिहास येतो आणि आभारात तीच नावे.

विभागणी सोपी आहे. कोण आले आहेत आणि आज आपण इथे का जमलो, हे स्वागतात सांगायचे. हा उपक्रम कसा ठरला आणि दिवसभराची आखणी काय, हे प्रास्ताविकाचे काम. पाहुण्यांची कारकीर्द परिचयात. मंडप, चहा, ध्वनिक्षेपक, देणगीदार हे सगळे आभारात. जेवणाची जागा, वाहनतळ, स्वच्छतागृह यांच्या सूचना सूत्रसंचालकाने द्यायच्या.

आदल्या दिवशी या पाच जणांनी आपापले कागद एकमेकांना व्हॉट्सॲपवर पाठवले, तर तेच वाक्य किती ठिकाणी आले आहे ते लगेच कळते. दोन कागदांत सापडलेले वाक्य स्वागतातून काढायचे, कारण त्याला दुसरीकडे घर आहे.

नावे कोणत्या क्रमाने घ्यायची?

इथे सर्वाधिक घोळ होतो आणि रुसवेफुगवेही इथलेच. पहिला नियम असा की आधी कार्यक्रमातली भूमिका पाहायची, मग पद. सभेचे अध्यक्ष पहिले, त्यानंतर उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मार्गदर्शक तज्ज्ञ, यजमान संस्थेचे व्यासपीठावरील पदाधिकारी आणि शेवटी सभागृह. एकाच भूमिकेत दोघे असतील, उदाहरणार्थ दोन प्रमुख पाहुणे, तर तिथे पद पाहायचे. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी एकाच पायरीवर असतील तर लोकप्रतिनिधींचे नाव आधी घेण्याची प्रथा आहे.

यात एक गंमत आहे. संबोधनात अध्यक्ष पहिले असले तरी बोलण्यात ते शेवटचे असतात. अध्यक्षीय भाषणानंतर फक्त आभार उरतात. त्यामुळे भाषणांच्या क्रमाची यादी पाहून संबोधन लिहिले की चूक होते. दोन्ही याद्या वेगळ्या ठेवाव्यात.

राष्ट्रपती सचिवालयाने २६ जुलै १९७९ रोजी अधिसूचित केलेला मानक्रम, म्हणजे टेबल ऑफ प्रिसिडन्स, अनेकदा अशा वेळी पुढे केला जातो. तो राजकीय इतमामाच्या आणि औपचारिक समारंभांसाठी आहे. शासनाच्या दैनंदिन कामकाजाला तो लागू नाही, असे त्यातच नमूद आहे. कार्यशाळेत त्याचा आधार घेऊन वाद घालण्यात अर्थ नाही. मंत्री किंवा त्याहून वरच्या पदावरील व्यक्ती येणार असेल, तर मात्र जिल्हाधिकारी कार्यालयात राजशिष्टाचाराचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडून आसनांचा आणि नावांचा क्रम लेखी घ्यावा.

आपल्या उदाहरणात अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष आहेत. उद्घाटक जिल्हाधिकारी. मार्गदर्शक म्हणून स्थापत्य अभियांत्रिकीचे एक प्राध्यापक आणि एक निवृत्त अधीक्षक अभियंता. यजमानांतर्फे मुख्याधिकारी व्यासपीठावर आहेत आणि प्रास्ताविक त्यांचेच आहे. संबोधनाचा क्रम हाच. प्राध्यापक आणि निवृत्त अभियंता या दोघांत पुढे कोण, हा प्रश्न उरतो. दोघांची भूमिका सारखी आहे, म्हणून सत्रांचा क्रम लावावा. ज्यांचे सत्र आधी, त्यांचे नाव आधी. हा निकष कोणालाही सांगता येतो, त्यामुळे तो टिकतो.

विशेषणे एकावर एक रचू नयेत. 'माननीय श्री. अमुकसाहेब' यात तीन आदरार्थी शब्द झाले, एक पुरतो. राज्यपाल किंवा राष्ट्रपतींसाठी 'महामहिम' म्हणण्याची सवय अजून दिसते, पण देशांतर्गत कार्यक्रमांत हे संबोधन वापरू नये, असे राष्ट्रपती भवनाने २०१२ मध्येच कळवले होते. 'माननीय राज्यपाल' पुरेसे आहे.

ऐनवेळी पाहुणे बदलले तर?

हे होतेच. जिल्हाधिकाऱ्यांना तातडीची बैठक लागते आणि निवासी उपजिल्हाधिकारी येतात. अशा वेळी त्यांचे स्वागत त्यांच्या स्वतःच्या पदाने आणि नावाने करायचे. 'जिल्हाधिकाऱ्यांच्या वतीने उपस्थित' एवढे जोडले की झाले. 'जिल्हाधिकारी येऊ शकले नाहीत याची खंत आहे' असे वाक्य समोर बसलेल्या पाहुण्याला बोचते.

उद्घाटन सुरू झाल्यावर आमदार अचानक आले, तर चालू भाषण थांबवायचे नाही. आयोजकांपैकी एकाने त्यांना व्यासपीठावर नेऊन बसवावे. ते भाषण संपले की सूत्रसंचालकाने एका वाक्यात स्वागत करावे आणि पुढच्या वक्त्यांना चिठ्ठीवर नाव द्यावे. संबोधनात हे नाव अध्यक्षांच्या लगेच नंतर येईल. त्यांना बोलायचे असेल तर ते अध्यक्षांच्या आधी.

हे सगळे सांभाळायचे असेल तर नावे भाषणाच्या कागदावर टंकलेली नकोत. ती वेगळ्या कार्डावर हवीत. एका ओळीत एक नाव, त्याखाली पद, मोठ्या अक्षरात. पाहुणा बदलला तर ती एक ओळ बदलते, भाषण बदलत नाही. नावाचा उच्चार आणि सध्याचे पद त्यांच्या स्वीय सहायकाकडून आदल्या संध्याकाळी फोनवर पक्के करावे. गेल्या महिन्यात बदली झालेल्या अधिकाऱ्याचे जुने पद वाचले गेले, तर उरलेले भाषण कितीही चांगले असले तरी सभागृहात त्याच चुकीची चर्चा होते.

चार मिनिटांत किती शब्द बसतात?

४५ मिनिटांचे उद्घाटन असे मांडता येईल. राज्यगीत आणि दीपप्रज्वलन ५ मिनिटे, स्वागत ४, सत्कार ४, प्रास्ताविक ६, उद्घाटक १०, अध्यक्ष १०, आभार २. एकूण ४१ झाले. उरलेली चार मिनिटे मोकळीच ठेवायची. अचानक आलेले आमदार, न पेटणारी वात आणि बंद पडलेला माइक यांच्यासाठी ती असतात.

सत्काराला चारच मिनिटे कशी पुरतात? नाव पुकारणे, पाहुण्याने उठणे, पुष्पगुच्छ देणे आणि छायाचित्र यांना प्रत्येकी सुमारे एक मिनिट जाते. आपल्याकडे बाहेरचे पाहुणे तीनच आहेत. नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यजमानांपैकीच आहेत, त्यामुळे त्यांचा सत्कार करायचा नाही. तिन्ही सत्कार नगराध्यक्षांच्याच हस्ते करायचे. यजमानांनी एकमेकांचा सत्कार करणे बंद केले, की पाच-दहा मिनिटे सहज वाचतात.

आता भाषणाचे गणित. व्यासपीठावरून सावकाश, स्पष्ट मराठी बोलताना मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द होतात. पण चार मिनिटे म्हणजे ४४० शब्द नव्हेत. माइकपर्यंत जाणे, तो उंचीला लावणे, सभागृह शांत होणे आणि मध्ये टाळ्या यांत जवळपास एक मिनिट जाते. राहिली तीन. म्हणून कागदावर ३३० च्या वर शब्द नकोत. गुगल डॉक्समध्ये शब्दसंख्या दिसते, ती पाहावी आणि मोबाइलचे स्टॉपवॉच लावून उभ्याने, मोठ्याने वाचून पाहावे. मनातल्या मनात वाचले तर वेळ नेहमी कमी भरते. उभ्याने वाचून तीन मिनिटांच्या पुढे गेले तर शब्द कापायचे. वेग वाढवून ते चार मिनिटांत बसवायचे नाही.

पहिले वाक्य लक्ष कसे वेधेल?

स्वागतानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात श्रोता ठरवतो की ऐकायचे की मोबाइल काढायचा. सुविचार, चारोळी किंवा 'पाणी हे जीवन आहे' अशा वाक्यांनी मोबाइल निघतात, कारण ती कुठल्याही कार्यक्रमात चालतात. चांगल्या सुरुवातीचे निकष दोनच. ती फक्त याच कार्यशाळेत शोभली पाहिजे आणि समोरच्या जाणकारांनी हिशेब केला तरी खरी ठरली पाहिजे.

दुसरा निकष जास्त अवघड आहे. आपल्या उदाहरणात वक्त्याला सुचते, 'तीन मिलिमीटरच्या एका भोकातून दिवसाला सात हजार लिटर पाणी वाया जाते.' गणित बरोबर आहे. वाहिनीत २० मीटर, म्हणजे सुमारे दोन किलोचा दाब असेल आणि धारेचा गुणांक ०.६ धरला, तर एवढ्या भोकातून मिनिटाला सुमारे ५ लिटर पाणी जाते. २४ तासांचे होतात ७,२०० लिटरच्या वर. आकडा मोठा आहे, टाळी मिळेल.

पण सभागृहात बसलेला अभियंता मनात म्हणेल, आमच्याकडे वाहिनीत चोवीस तास दाब असतो कुठे? पाणी दोन तास सुटते. त्याच्या दृष्टीने आकडा बारा पटींनी फुगवलेला आहे आणि पुढचे काही तो विश्वासाने ऐकणार नाही. म्हणून हिशेब दोन तासांचा करायचा. उत्तर येते सुमारे ६०० लिटर. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचा केंद्रीय निकष माणशी रोज १३५ लिटर आहे. चार माणसांचे ५४० झाले. म्हणजे त्या भोकातून रोज एका घराचे पाणी जाते. आकडा लहान झाला, पण तो आता श्रोत्यांच्या गावचा झाला. हे मांडायला अर्धा मिनिट पुरतो.

भाषण प्रत्यक्षात कसे असेल?

नावांच्या जागा मोकळ्या ठेवून हा मसुदा पाहा.

'आजच्या कार्यशाळेचे अध्यक्ष, माननीय नगराध्यक्ष …. उद्घाटक, माननीय जिल्हाधिकारी …. गळतीचा हिशेब शिकवायला आलेले प्राध्यापक …. तो हिशेब जमिनीवर पडताळून दाखवणारे निवृत्त अधीक्षक अभियंता …. आमचे मुख्याधिकारी …. आणि जिल्ह्यातील नगरपालिकांतून आलेले अभियंते, पर्यवेक्षक आणि व्हॉल्व्हमन मित्रहो, यजमान नगरपालिकेच्या वतीने मी आपले स्वागत करतो.

माझ्या हातात पाइपचा हा तुकडा आहे. याला तीन मिलिमीटरचे भोक आहे, ज्वारीच्या दाण्याहून लहान. आत दोन किलोचा दाब असेल तर यातून मिनिटाला पाच लिटर पाणी जाते. आपण दिवसातून दोन तास पाणी सोडतो. दोन तासांचे झाले सहाशे लिटर. चार माणसांच्या घराला दिवसभर पुरेल एवढे पाणी, रोज, या एका भोकातून. आणि ते रस्त्यावर येतेच असे नाही. मुरमात जिरते, गटारात उतरते. कोणाची तक्रार येत नाही, म्हणून आपणही शोधत नाही.

जे दिसत नाही ते ऐकायचे कसे, हे आज शिकायचे आहे. बारा वाजता आपण प्रभागात जाऊ. तिथे दीड वाजेपर्यंत पाणी आहे. तोवर आपल्यापैकी प्रत्येकाने रॉडला कान लावून गळती ऐकलेली असावी, एवढेच आजचे उद्दिष्ट. संध्याकाळी निघताना प्रत्येकाने आपल्या गावातला एक व्हॉल्व्ह मनात नक्की करावा, जिथे तो उद्या पाणी सुटल्यावर ऐकायला जाणार आहे.

उपक्रमाची पार्श्वभूमी मुख्याधिकारी प्रास्ताविकात मांडतील. त्याआधी पाहुण्यांचा सत्कार होईल. सूत्रसंचालकांनी पुढील कार्यक्रम सुरू करावा, ही विनंती.'

नावे भरल्यावर हे भाषण दोन-सव्वादोन मिनिटांचे होते. ३३० शब्दांची मर्यादा गाठलीच पाहिजे असे नाही. पाइपचा तुकडा हातोहात सभागृहात फिरवता येतो. लोक तो पाहत असताना सत्कार उरकतात. श्रोत्यांमध्ये व्हॉल्व्हमनचा वेगळा उल्लेख मुद्दाम आहे. त्यांना 'इतर उपस्थित' म्हटले तर दुपारी रॉड हातात घ्यायला ते पुढे येणार नाहीत, आणि वाहिनीची खरी माहिती त्यांच्याकडेच असते. प्रात्यक्षिकाची वेळ भाषणात सांगण्याचाही उपयोग होतो. व्यासपीठावरच्या प्रत्येकाने 'दीड वाजेपर्यंत' हे ऐकलेले असते. नंतर वेळेची चिठ्ठी पुढे सरकवली तर कोणाला अपमान वाटत नाही.

पाहुणेच उशिरा आले तर?

तेव्हा वाट पाहत बसायचे नाही आणि वेळ भरायला स्वागत ताणायचेही नाही. ठरल्या वेळेला स्वागत आणि प्रास्ताविक करून घ्यावे. दीपप्रज्वलन व सत्कार पाहुणे आल्यावर. मात्र त्यासाठी अध्यक्षांची संमती हवी, आणि उद्घाटकांच्या कार्यालयाला तसे फोनवर कळवायला हवे. न येताच कार्यक्रम सुरू केला, हे पाहुण्यांना सभागृहात पाऊल ठेवल्यावर कळता कामा नये. स्वागतात त्यांचा उल्लेख 'थोड्याच वेळात आपल्यात येत असलेले उद्घाटक' असा करायचा, क्रम तोच ठेवून. ते आल्यावर स्वागताचे भाषण पुन्हा होत नाही. सूत्रसंचालकाचे एक वाक्य पुरते.

१०.४५ झाले तरी ते आले नसतील, तर तांत्रिक सत्र सुरू करावे आणि दोन सत्रांच्या मध्ये उद्घाटन बसवावे. तेही जमणार नसेल तर उद्घाटकांना थेट प्रभागात येण्याची विनंती करता येते. तिथे फीत नसेल आणि समईही नसेल, पण वाहिनीत पाणी असेल. जिल्हाधिकाऱ्यांनी रॉडला कान लावून पहिली गळती ऐकली, तर ते उद्घाटनच झाले, आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.